चुकलेल्या पोस्ट आणि बिलातले क्रेडिट

फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन यांसारख्या माध्यमांवरच्या पोस्ट आधीच तयार करून त्यांना तारीख आणि वेळ लावून ठेवण्याची सोय देणारी टूल्स आता छोट्या दुकानांपासून जाहिरात संस्थांपर्यंत सगळीकडे वापरली जातात. टूल काही तास बंद पडले की त्या वेळेत जायच्या पोस्ट अडकतात. अशा वेळी टूल देणाऱ्या कंपनीला पत्र लिहून पुढच्या बिलात क्रेडिट, म्हणजे वळती रक्कम, मागता येते. पत्रात नुसती तक्रार असेल तर दिलगिरीचे उत्तर येते. करारातल्या कलमावर बोट ठेवले असेल तर रक्कम मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

पत्राला हात घालण्यापूर्वी पोस्ट नेमकी कुठे अडकली ते पाहावे लागते. शेड्यूल केलेली पोस्ट टूलच्या डेटाबेसमध्ये पडून असते. ठरलेली वेळ झाली की टूलचा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्रॅम तिला रांगेत टाकतो. तिथून ती खातेदाराने दिलेल्या परवानगीच्या टोकनसह माध्यमाच्या सर्व्हरकडे पाठवली जाते. माध्यमाने ती स्वीकारली की पोस्टचा क्रमांक परत येतो आणि टूलच्या पडद्यावर ‘Published’ दिसते. या साखळीत वेळापत्रक आणि रांग टूलच्या हातात असतात, स्वीकारणे माध्यमाच्या हातात आणि परवानगी जिवंत ठेवणे ग्राहकाच्या हातात. क्रेडिट मिळते ते टूलच्या हातातली कडी तुटली तरच. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. त्या दिवशी या माध्यमांवर न गेलेल्या पोस्टसाठी टूल कंपनीला जबाबदार धरता आले नसते.

दोष कुणाचा हे ओळखण्याच्या दोन साध्या खुणा आहेत. त्याच वेळी थेट माध्यमाच्या अ‍ॅपवरून टाकलेली पोस्ट व्यवस्थित जात असेल, तर माध्यम चालू होते. एकाच वेळी फेसबुक आणि लिंक्डइन अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या माध्यमांवरच्या पोस्ट अडकल्या असतील, तर संशय टूलवर जातो. याउलट, एकाच खात्याच्या पोस्ट अडकल्या आणि बाकीच्या गेल्या, तर बहुधा त्या खात्याचा पासवर्ड बदललेला असतो किंवा परवानगीची मुदत संपलेली असते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली एक छोटी जाहिरात संस्था पाच दुकानांची पाने सांभाळते. टूलचे मासिक शुल्क 6,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,080 रुपये आहे. 30 एप्रिल 2025 रोजी अक्षय्य तृतीया होती आणि सराफांसाठी हा वर्षातल्या मोठ्या दिवसांपैकी एक असतो. समजा, त्या दिवशी सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी टूलची रांग थांबली आणि दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी पुन्हा हलली. या साडेसहा तासांत 14 पोस्ट जायच्या होत्या. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झालेल्या पोस्ट रद्द करायच्या, असा टूलचा नियम होता. त्यामुळे दुपारी 12 वाजून 40 मिनिटांच्या आधीच्या 9 पोस्टवर ‘Failed’ असा शिक्का बसला. नंतरच्या 4 पोस्ट रांग हलताच एकामागून एक बाहेर पडल्या. त्यांतली एक ‘दुपारी 3 वाजेपर्यंत घडणावळीत सवलत’ अशी होती आणि ती सवलत संपल्यावर झळकली. उरलेली एक पोस्ट जायची नव्हतीच, कारण त्या दुकानदाराने आदल्या दिवशी पासवर्ड बदलला होता.

अशा वेळी घाईने ‘Retry’ दाबणे किंवा अडकलेली पोस्ट काढून नव्याने टाकणे, ही पहिली चूक होते. त्याने नोंदीतली मूळ वेळ आणि स्थिती पुसली जाण्याचा धोका असतो. आधी नोंदीच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे, सोय असेल तर पूर्ण यादी फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि मगच पोस्ट हाताने टाकाव्यात. उशिरा गेलेल्या आणि आता दिशाभूल करणाऱ्या पोस्ट लगेच काढाव्या लागतात, पण त्यांचाही पुरावा आधी जपावा.

यानंतर करार वाचायचा. त्यात सेवेच्या उपलब्धतेचे वचन देणारा भाग शोधायचा. तो बहुधा वरच्या दराच्या योजनांनाच लागू असतो. स्वस्त आणि फुकट योजनांमध्ये असे वचन अनेकदा नसतेच. वचन असेल, तर ‘सेवा बंद’ म्हणजे काय याची व्याख्या शब्दशः वाचावी. काही करारांत लॉगिन होत नसेल तरच सेवा बंद धरली जाते. मग पडदा उघडतो पण पोस्ट जात नाहीत, अशी अवस्था व्याख्येबाहेर राहते. तसे असल्यास पत्रात हक्क न सांगता सद्भावनेने क्रेडिट द्यावे अशी विनंती करणेच शहाणपणाचे. आधी जाहीर केलेली देखभाल आणि माध्यमांचे बिघाड हेही बहुतेक करारांत वगळलेले असतात.

उदाहरणातल्या करारात पोस्ट पाठवण्याची सेवा व्याख्येत आहे आणि महिन्याला 99.9 टक्के उपलब्धतेचे वचन आहे असे धरू. 30 दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटे असतात. म्हणजे सुमारे 43 मिनिटांपर्यंतचा खंड वचनात बसतो. उपलब्धता त्याखाली गेली पण 99 टक्क्यांच्या खाली गेली नाही, तर शुल्काच्या 10 टक्के क्रेडिट आणि त्याहून खाली गेली तर 25 टक्के, असे टप्पे करारात आहेत. साडेसहा तास म्हणजे 390 मिनिटे. उपलब्धता आली 99.10 टक्के, म्हणून पहिला टप्पा लागू झाला आणि क्रेडिट 600 रुपयांचे झाले. तेवढ्या मिनिटांचे शुल्क परत मागितले असते, तर हाती जेमतेम 54 रुपये आले असते. टप्पे न वाचता ‘तेवढ्या वेळेचे पैसे कापा’ असे लिहिणारा ग्राहक आपणच आपली मागणी घटवतो.

वेळेच्या हिशेबात आणखी एक अडचण येते. कंपनीच्या सेवास्थितीच्या पानावरच्या वेळा अनेकदा यूटीसीमध्ये असतात आणि भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे. उदाहरणातल्या कंपनीने बिघाड 04:05 ते 09:30 यूटीसी असा दाखवला, म्हणजे आपल्याकडे सकाळी 9:35 ते दुपारी 3:00. बिघाड कळायला लागलेला वेळ आणि दुरुस्तीनंतर तुंबलेली रांग मोकळी व्हायला लागलेला वेळ कंपनीने धरला नाही. तिच्या हिशेबाने खंड 325 मिनिटांचा आणि उपलब्धता 99.25 टक्के. मात्र दोन्ही आकडे एकाच टप्प्यात बसतात. इथे 65 मिनिटांवरून भांडण्यात अर्थ नाही. ग्राहकाने आपली नोंद द्यावी आणि कंपनीच्या आकड्यानेही मागणी तीच राहते, हे दाखवावे. टप्पा बदलत असेल तेव्हाच मिनिटांवर जोर द्यावा.

पत्र एका पानात मावावे. विषयातच ग्राहक क्रमांक, तारीख आणि ‘क्रेडिटची मागणी’ हे शब्द यावेत, म्हणजे ते तांत्रिक तक्रारींच्या ढिगात न जाता बिलिंग विभागाकडे जाते. परदेशी कंपनीला अर्थातच इंग्रजीत लिहावे लागेल. मुख्य मजकूर असा असू शकतो:

“दि. 30 एप्रिल 2025 रोजी सकाळी 9:10 ते दुपारी 3:40 (भारतीय वेळ) या काळात आपल्या टूलवरून आमच्या खात्यातील पोस्ट प्रसारित झाल्या नाहीत. वेळापत्रकातील 14 पैकी 9 पोस्ट गेल्या नाहीत व 4 उशिरा गेल्या. उरलेली एक पोस्ट आमच्याकडील खात्याची जोडणी तुटल्यामुळे अडकली असून ती या मागणीत धरलेली नाही. त्याच वेळेत संबंधित माध्यमांच्या अ‍ॅपवरून पोस्ट जात होत्या. आमच्या नोंदीप्रमाणे एप्रिलची उपलब्धता 99.10 टक्के, तर आपल्या सेवास्थितीच्या पानाप्रमाणे 99.25 टक्के होते. दोन्ही प्रकारे करारातील 10 टक्के क्रेडिटचा टप्पा लागू होतो. तरी 600 रुपये व त्यावरील जीएसटी पुढील बिलात वळता करावा ही विनंती. पोस्टनिहाय यादी सोबत जोडली आहे.”

सोबतच्या यादीत दर पोस्टमागे एक ओळ पुरते: पान, माध्यम, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि टूलने दाखवलेला संदेश. आपल्याकडच्या चुकीची पोस्ट स्वतःहून वगळल्याचा फायदा असा, की पडताळणी करणाऱ्याला यादीत खोट सापडत नाही आणि मग बाकीच्या 13 ओळींवर वाद होत नाही.

करार मागणीची मुदतही ठरवतो. महिना संपल्यापासून 30 दिवस, अशी अट सर्रास दिसते. क्रेडिट आपोआप मिळत नाही, मागावेच लागते. मुदत उलटली तर हक्कही जातो. कंपनी भारतातली असेल आणि तिने ही घट सेवेतील त्रुटीपोटी आधीच्या बिलातून दिली, तर केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 मधील कलम 34 प्रमाणे ती क्रेडिट नोट काढू शकते. तेव्हा 600 रुपयांबरोबर 108 रुपयांचा करही कमी होतो. ग्राहकाने त्या कराचे इनपुट क्रेडिट आधी घेतले असेल, तर तेवढे परत फिरवावे लागते.

सराफाची त्या दिवशी बुडालेली विक्री या पत्रात घालू नये. बहुतेक करारांत क्रेडिट हाच एकमेव उपाय असतो आणि नफ्याचे नुकसान स्पष्टपणे वगळलेले असते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 मध्येही दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही. मोठा आकडा घातला की पत्र कायदा विभागाकडे जाते आणि 600 रुपयेही लटकतात. बँकेकडे जाऊन कार्डावरचे पैसे परत खेचण्याचा मार्गही जपून वापरावा. त्याने खाते गोठू शकते आणि आत शेड्यूल करून ठेवलेल्या पुढच्या पोस्टही अडकतात.

उत्तर आले नाही, तर आधीच्या तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन एकदा स्मरणपत्र पाठवावे आणि पुढचे बिल आल्यावर क्रेडिट खरोखर वळते झाले का ते तपासावे. जाहिरात संस्थेला मात्र आणखी एक करार दुरुस्त करावा लागतो. टूलकडून तिला मिळतात 708 रुपये, पण सराफाला तिने प्रत्येक पोस्ट वेळेवर जाण्याची हमी दिली असेल, तर फरक तिच्याच खिशातून जातो. टूल जेवढे वचन देते त्याहून मोठे वचन संस्थेने आपल्या ग्राहकाला देऊ नये.