हातापायांना मुंग्या : दूध घरचे, पण पोटात किती?

गावाकडची एखादी पन्नाशीची बाई मुलाकडे मुलुंडला राहायला जाते, असे धरू. जन्मापासून शाकाहारी. गावी सकाळ-संध्याकाळ दूध-ताक व्हायचे, इथे दूध फक्त चहापुरते. चार-पाच वर्षांनी दोन्ही तळपायांना मुंग्या येऊ लागतात, मग बोटांना. जिना चढता दम लागतो, जीभ लाल होऊन झोंबते. अंधारात चालताना तोल जातो आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. घरचे म्हणतात, वात आहे, तेल चोळा.

हे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याचे लक्षण असू शकते. हे जीवनसत्त्व कोणतेही पीक तयार करीत नाही. ते जंतू तयार करतात, गायी-म्हशींच्या पोटातले जंतूही. तेथून ते दुधात उतरते. माणसाला रोज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्राम पुरते, आणि अर्धा लिटर दुधात साधारण तेवढे असते. चहातल्या चमचाभर दुधाने ते भागत नाही. यकृतात साठा असतो, म्हणून त्रास वर्षांनी दिसतो. साठा संपला की मज्जातंतूंवरचे आवरण झिजते, जसे विजेच्या तारेवरचे रबर.

हे केवळ शहराचे दुखणे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळची खेडी, शहरातली झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती येथील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ६७ जणांना बी-१२ कमी होते, शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ जणांना. दूध डेअरीला घालून घरी चहापुरते ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. घरातल्या बायकांच्या वाट्याला किती येते, तेही पाहावे.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. रक्त कमी म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली, तर रक्त सुधारते, अंगात जोर आल्यासारखा वाटतो. पण बी-१२ नसेल तर मज्जातंतूंची झीज आतून चालूच राहते. म्हणून मुंग्या असताना नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर भागवू नका. डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी करायला सांगा. एका मिलिलिटर रक्तात २०० पिकोग्रामपेक्षा कमी आढळले तर सहसा कमतरता मानतात. मधुमेहानेही अशाच मुंग्या येतात, म्हणून साखरही तपासावी. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही बी-१२ कमी पडू शकते.

कमतरता ठरली की डॉक्टर इंजेक्शने किंवा गोळ्या देतात. रक्त काही आठवड्यांत सुधारते. मज्जातंतूंना महिने लागतात, आणि फार उशीर झाला तर बधिरपणा पूर्ण जात नाही. पुढेही शाकाहार ठेवायचा असेल, तर रोज दूध, दही, ताक घ्या. तेवढे जमत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली बी-१२ ची गोळी मध्येच सोडू नका.