काकड्याच्या पहाटे मृदंग का उतरतो

कोजागरी झाली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत खानदेशातल्या कितीतरी गावांत पहाटे काकडा सुरू असतो. अमळनेर, चोपड्याकडच्या विठ्ठल मंदिरात चारच्या सुमारास पंधरा-वीस माणसं जमतात. त्यांतल्या बहुतेकांनी गाणं कधी शिकलेलं नसतं. तरीही अभंग एका स्वरात, एका ठोक्यावर चालतो. हे कसं जमतं ते समजायचं, तर अभंग सुरू होण्याआधीची दहा मिनिटं मृदंगीजवळ बसावं.

मृदंगी आधी कणीक भिजवतो. पोळीसाठी मळतो तशीच साधी गव्हाची कणीक. डाव्या तोंडाच्या, म्हणजे धुमेच्या मधोमध पाण्याचा हात फिरवून तिचा पुरीएवढा थर तो बसवतो. कातड्यावर वजन आलं की त्याची थरथर मंदावते आणि आवाज खाली उतरून घुमतो. कणीक कमी पडली तर धुमा टणक बोलतो आणि जास्त झाली तर मुका होतो. म्हणून चिमूटभर लावायची, थाप मारून ऐकायचं, पुन्हा लावायची. उजव्या तोंडावर, चाटेवर, शाई कायमची असते. ते तोंड वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांनी मिळवतात. गठ्ठा हातोडीने धुमेकडे सरकवला की वादी ताणली जाऊन चाट चढते. बारीक फरक असेल तर काठावरच्या गजऱ्यावर वरून हलके ठोके देतात, आणि उतरवायची असेल तर खालून.

कार्तिकात दंव पडतं. कातडं ओलावा ओढून सैल होतं, आणि रात्री चोख लावलेला मृदंग पहाटे उतरलेला सापडतो. जेठात याच्या उलट घडतं. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी महिन्याहून जास्त दिवस पायी चालून पंढरपूरला पोचते. सुरुवातीच्या उन्हात कणीक सुकते, तडकते आणि चाट चढत जाते. पुढे पावसाची सर आली की तीच चाट ढिली पडते. पेटीचा स्वर जागचा हलत नाही. हलवायचा असतो तो मृदंगच, म्हणून वाटेवरच्या मृदंगीला हातोडी आणि कणीक जवळ बाळगावी लागते.

चाट षड्जाला मिळालेली असली की प्रत्येक खुल्या थापेबरोबर गाणाऱ्यांच्या कानावर 'सा' पडतो. मृदंग ताल धरतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तो स्वरही धरतो, याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं.

स्वर धरायचं मुख्य काम वीण्याचं. वारकरी वीण्यावर राग वाजवत नाहीत. खांद्यावर घेऊन उभं राहायचं आणि मोकळ्या तारा छेडत राहायचं. सप्ताहात तो दिवसरात्र खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. मला पूर्वी प्रश्न पडे, की वीस टाळांच्या गजरात ही तार कुणाला ऐकू येणार? ती सगळ्यांना ऐकू यायची गरजच नाही. वीणेकरी चालकाच्या जवळ उभा असतो. चालक तारेवरून स्वर घेतो, आणि बाकीचे चालकाकडून घेतात. रंगात आलेला समुदाय हळूहळू पट्टी चढवत नेतो. चालकाला त्या ओढीतून मागे आणते ती ही तार.

टाळांची गोष्ट मात्र नाजूक. टाळाची दोन तोंडं सपाट एकमेकांवर आदळली तर मधे हवा कोंडून आवाज बद्द येतो. म्हणून किंचित तिरपा, कडेला निसटता ठोका हवा. चिपळ्यांच्या लाकडाचा आणि छोट्या झांजांचा आवाज लगेच विरतो. टाळांच्या लांबत राहणाऱ्या नादातही तो सुटा ऐकू येतो, त्यामुळे चिपळ्या ज्याच्या हातात असतील त्याला लय बारीक दाखवता येते.

भजन बिघडतं ते बहुधा लय धावल्यामुळे. धृपद दुगणीत गेलं की नवखे टाळकरी पुढे पळतात. याची खूण सोपी आहे. वीस टाळांचा मिळून एकच 'छन्न' यायला हवा, त्याऐवजी 'छर्र' असा विस्कटलेला आवाज येऊ लागतो. अशा वेळी जाणता मृदंगी जोराने वाजवत नाही. तो बोल भरायचे थांबवून आठ मात्रांचा साधा ठेका धरतो आणि समेवर धुमेची भरदार थाप देतो. दोन-तीन आवर्तनांत रांग जागेवर येते.

दिंडीत आणखी एक अडचण असते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दिंडी 34 मीटर लांब असेल तर पुढची थाप शेवटच्या माणसाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. नुसत्या कानावर विसंबला तर तो मागेच राहणार. आमच्या गावातले एक आप्पा टाळ घेतलेल्या पोरांना सांगायचे, "पोऱ्या, तोंडकडे नको देखू, हातकडे देख." डोळ्यांना तो उशीर लागत नाही. मृदंग रांगांच्या मधे ठेवतात आणि पावली सगळे एकदम टाकतात, त्याचा इथे मोठा उपयोग होतो. पुढच्याचा पाय पडताना दिसला की टाळ आपोआप जागेवर पडतो.

दिवाळीत गावी गेलात, तर एक पहाट काकड्याला जा. चार वाजता मंदिरात पोचा, मृदंगी कणीक लावताना पाहा, आणि मग वीणेकऱ्याच्या शेजारी उभं राहा. तार तिथेच ऐकू येते.