उडी मारायची होती, गोळी सुटली

फोन आडवा धरून गेम खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार: दाबलं उडीचं बटण आणि सुटली गोळी. खेळणारा म्हणतो, माझीच बोटं जाड. खरं तर बहुतेक वेळा बोटांचा काही दोष नसतो. बटणाचं माप चुकलेलं असतं.

हे माप कसं चुकतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एक गेम संगणकावर 1280 बाय 720 पिक्सेलच्या चौकटीत बनवला. उजव्या कोपऱ्यात 'उडी' आणि 'गोळी' ही 64 पिक्सेल व्यासाची दोन गोल बटणं ठेवली, दोघांच्या मध्यबिंदूंत अंतर 80. संगणकावर माउसनं खेळताना सगळं छान चालतं. आता हाच गेम साडेसहा इंची फोनवर, ब्राउझरमध्ये आडवा उघडला. तिथे ब्राउझरच्या हिशेबाने उंची मिळते 360 पिक्सेल, म्हणजे चित्र निम्मं होतं. बटण उरलं 32 पिक्सेलचं. या फोनची अरुंद बाजू साधारण 68 मिलिमीटर असते, म्हणून हे बटण प्रत्यक्षात जेमतेम 6 मिलिमीटरचं. वर अ‍ॅड्रेसबारने थोडी उंची खाल्ली, तर 5.

अंगठ्याला लागतं किती? पेक्का पार्ही, एमी कार्लसन आणि बेंजामिन बेडरसन यांनी 2006 मध्ये एका हातात धरलेल्या उपकरणावर अंगठ्याने टिपण्याचा अभ्यास केला आणि एकेका स्पर्शासाठी 9.2, तर लागोपाठच्या स्पर्शांसाठी 9.6 मिलिमीटर माप सुचवलं. अँड्रॉइडची शिफारस 48 एककांची आहे. आपल्या उदाहरणातल्या फोनवर ती बरोबर 9 मिलिमीटर भरते. शिवाय गेममध्ये खेळणाऱ्याची नजर शत्रूवर असते, अंगठ्यावर नाही. त्यामुळे मुख्य बटण मी तरी 60 ते 64 एककांचं, म्हणजे 12 मिलिमीटरच्या आसपास ठेवीन.

लगेच मनात येतं, मग बटणं मोठी करा. पण चित्र मोठं केलं की खेळाचं दृश्य झाकतं, आणि आडव्या फोनवर उंची आधीच तुटपुंजी. इथे उपयोगी पडतो तो हिट एरिया, म्हणजे स्पर्श झाला तर 'बटण दाबलं' असं मानायचा भाग. तो चित्राएवढाच असला पाहिजे असं कुठे आहे? चित्र 40 चं ठेवून त्याच्याभोवती अदृश्य 56 चा भाग देता येतो.

खरी गडबड यानंतर होते. आपल्या दोन बटणांचे मध्यबिंदू आता 40 पिक्सेलवर आले आहेत. दोघांना 48 चा हिट एरिया दिला की ते मधे 8 पिक्सेल एकमेकांवर चढतात. सर्वसाधारणपणे जे बटण प्रोग्रॅमने शेवटी काढलं, ते वर असतं आणि सामाईक भाग तेच गिळतं. 'गोळी' शेवटी काढलेली असेल, तर 'उडी'च्या कडेला पडलेला अंगठा गोळीच झाडणार. उपाय असा: स्पर्श दोन्ही भागांत पडला, तर ज्याचा मध्य जवळ त्याला तो द्यायचा. म्हणजे सीमा आपोआप बरोबर मधोमध पडते. पण ही मलमपट्टीच आहे, कारण प्रत्येकाच्या वाट्याला त्या बाजूला 20 पिक्सेलच आले. मध्यबिंदू 60 वर नेले की भांडणच मिटतं. त्यासाठी बटणं खेळाच्या चित्राबरोबर आकसू द्यायची नाहीत. ती वेगळ्या थरावर, फोनच्या एककांत, कोपऱ्यापासून अंतर मोजून बसवायची. अंगठा आपल्या बुडाभोवती कमानीत फिरतो, म्हणून बटणंही सरळ ओळीत न मांडता त्या कमानीवर मांडलेली बरी. अगदी काठाला मात्र चिकटवू नयेत. तिथे कॅमेऱ्याची खाच असते, आणि काठावरून आत सरकलेला अंगठा अँड्रॉइडला 'मागे जा' असा इशारा वाटू शकतो.

आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. खेळाच्या भरात दाबून धरलेला अंगठा घसरतो. तो शेजारच्या बटणावर गेला तरी उचलला जाईपर्यंत पहिल्याच बटणाचा मानायला हवा. चालण्याच्या गोल कांडीला तर हा नियम हवाच, नाहीतर धावता धावता पात्र अचानक थांबतं.

चूक नेमकी कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्पर्शाची जागा पडद्यावर दाखवायची सोय असते. ती सुरू करून गेम खेळा आणि पडदा रेकॉर्ड करा. गेम तुमचाच असेल तर हिट एरिया फिकट लाल रंगात रंगवा. ठिपके सतत बटणाच्या एकाच बाजूला पडत असतील, तर आकाराला हात लावू नका, हिट एरिया त्या बाजूला सरकवा. चारही बाजूंना विखुरले असतील, तर बटण लहान आहे.

तुम्ही फक्त खेळणारे असलात तरी काही हातात आहे. बीजीएमआय, फ्री फायरसारख्या गेममध्ये बटणं हलवायची आणि लहानमोठी करायची सोय सेटिंग्जमध्ये असते. तिथे आकार वाढवण्याआधी बटणांमधलं अंतर वाढवा, कमी लागणारी बटणं अंगठ्याच्या वाटेतून वर नेऊन ठेवा, आणि खऱ्या सामन्यात उतरण्याआधी सरावाच्या मैदानात खेळून पाहा.