एक प्रश्न, तीन बरोबर पर्याय

जेईई ॲडव्हान्स्डच्या काही प्रश्नांत एक किंवा अधिक पर्याय बरोबर असतात. चार पर्यायांतून उत्तराचे 15 संच निघतात, त्यामुळे अंदाजाने फारसे साधत नाही. अशा प्रश्नाकडे चार स्वतंत्र ‘बरोबर की चूक’ विधाने म्हणूनच पाहावे लागते.

समजा, विचारले आहे: 60 ला कोणत्या संख्यांनी नि:शेष भाग जातो? (अ) 4 (ब) 8 (क) 12 (ड) 15. भागाकार अनुक्रमे 15, साडेसात, 5 आणि 4 येतात. म्हणजे ‘ब’ बाद. उत्तर एकत्र लिहायचे ते ‘अ, क, ड’ असे, पर्यायांच्याच क्रमाने. खाली स्पष्टीकरण द्यायचे असेल, तर ‘ब’ का गळला हेही सांगावे. ते बहुतेक उत्तरपत्रिकांत राहूनच जाते.

या परीक्षेच्या अनेक वर्षांच्या गुणपद्धतीत ‘अ, क, ड’ला 4 गुण, नुसत्या ‘अ, क’ला 2 आणि एकट्या ‘अ’ला 1 मिळतो. ‘अ, ब, क’ निवडल्यास मात्र दोन बरोबर पर्यायांचेही काही मिळत नाही, उलट 2 गुण कापले जातात. शंका असलेला पर्याय सोडून द्यावा.