वहीचं नाव ठकी

भाचीचा तेरावा वाढदिवस आला, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून रोजनिशीसाठी जाड पुठ्ठ्याची वही आणली. "मामा, हिचं नाव काय ठेवू?"

मी अ‍ॅन फ्रँकची गोष्ट सांगितली. तिलाही तेराव्या वाढदिवसालाच, १२ जून १९४२ ला, वही मिळाली. 'किटी' मात्र लगेच सुचली नाही. सिसी फान मार्क्सफेल्ट या डच लेखिकेच्या कादंबऱ्यांत मैत्रिणींचं एक टोळकं आहे. सप्टेंबरपासून अ‍ॅन त्यातल्या पोप, कॉनी, किटी अशा एकेकीला पत्रं लिहू लागली. १९४४ मध्ये सगळं नव्यानं लिहून काढताना तिनं एकटी किटी ठेवली.

म्हणजे आधी दोन-तीन नावांना लिहून बघावं. भाचीनं वर्गातल्या मैत्रिणीचं नाव घेतलं आणि चौथ्याच दिवशी अडली, कारण तक्रार त्याच मैत्रिणीची होती! मग 'डायरीबाई'. त्यात 'तुम्ही' आलं, मोकळेपणा गेला. शेवटी जुन्या लाकडी बाहुलीचं नाव, ठकी. वही मराठीत स्त्रीलिंगीच, त्यामुळे "ठकी, ऐकलंस का गं?" सहज उतरतं.

परवा ती आईला म्हणाली, "ते मी ठकीला सांगितलंय." ताई अजून विचारतेय, ही ठकी कुठल्या वर्गातली?