खेळणं कुणाचं, पाळी कुणाची

दोन वर्षांच्या धाकट्याने साडेचार वर्षांच्या ताईच्या हातातली गाडी ओढली, तिने सोडली नाही आणि त्याने भोकाड पसरलं, की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "तू मोठी आहेस ना, दे बरं त्याला." रडणं थांबतं आणि मोठी माणसं आपापल्या कामाला लागतात. पण तेवढ्यात दोन्ही मुलं काहीतरी शिकलेली असतात. पुरेसं मोठ्याने रडलं की वस्तू मिळते, हे धाकट्याला कळतं. आपल्या हातातली वस्तू कधीही जाऊ शकते, हे ताईला कळतं. मग ती खेळणी घेऊन पलंगाखाली जाऊन बसते, नको असलेल्या वस्तूही कवटाळून ठेवते आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून भावाला चिमटा काढते. याला तिचा हट्टीपणा म्हटलं जातं, पण हे निव्वळ बचावाचे उपाय असतात.

"मोठी" हा शब्दही फसवा आहे. ती मोठी दिसते ती फक्त भावाशेजारी. एरवी साडेचार वर्षांचं मूल बालवाडीतलंच. पाळी म्हणजे काय हे तिला कळतं, पण "पाच मिनिटांत दे" यातली पाच मिनिटं तिच्या हिशेबात बसत नाहीत. दोन वर्षांच्या मुलाला तर पाळीही कळत नाही. त्याला एखादी वस्तू हवीशी वाटते ती बहुतेकदा दुसरं कुणी तिच्याशी खेळतंय म्हणूनच. मात्र त्याचं लक्ष चटकन दुसरीकडे वळतं, आणि ही मोठ्यांच्या हाताशी असलेली चांगली सोय आहे.

सक्तीने दिलेल्या वस्तूतून देण्याची सवय लागते का, हे नादिया चेर्न्याक आणि तामार कुश्नीर या संशोधकांनी तपासलं. त्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना एक स्टिकर दिलं आणि एका उदास बाहुल्याशी गाठ घालून दिली. काही मुलांना स्टिकर स्वतःकडे ठेवायचं की बाहुल्याला द्यायचं, हे ठरवू दिलं. काहींना "द्यायचंच आहे" असं सांगितलं. पुढे दुसरा बाहुला आणि आणखी स्टिकरं आली, तेव्हा आधी स्वतः ठरवून दिलेल्या मुलांनी जास्त स्टिकरं वाटली. प्रयोग छोटा आहे आणि बाहुला म्हणजे भाऊ नव्हे. तरी "नाही" म्हणायची मुभा असली तरच "घे" म्हणण्याला अर्थ येतो, एवढं त्यातून घेता येतं.

घरात ही मुभा द्यायची तर आधी खेळण्यांची वाटणी लागते. चार-पाच वस्तू फक्त ताईच्या : वाढदिवसाची बाहुली, रंगपेटी, असं काहीही. त्या तिनेच निवडायच्या आणि धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवायच्या. धाकट्याच्याही दोन-तीन वस्तू त्याच्या एकट्याच्या. बाकी ठोकळे, गाड्या, भातुकली, चेंडू हे सगळं दोघांचं. स्वतःची वस्तू कुणाला द्यायची हे तिचं ती ठरवेल. आईबाबांनी किंवा आजीने ती परस्पर देऊन टाकायची नाही. यादी मात्र आखूडच हवी. वीस वस्तू "माझ्या" झाल्या, तर धाकट्याच्या वाट्याला रिकामा डबा येतो. मणी, लोहचुंबकाचे तुकडे, बटणासारखे सेल असलेली खेळणी यांचा प्रश्न वाटणीचा नाहीच. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती लागताच कामा नयेत. ताईने ती जेवणाच्या टेबलावर किंवा दार लावून खेळावीत आणि सोबत मोठं माणूस असावं.

दोघांच्या खेळण्यांना नियम एकच पुरतो : ज्याच्या हातात आहे त्याचं खेळून होईपर्यंत पाळी त्याची. घड्याळ लावून पाळ्या देण्याची पद्धत सोपी वाटते, आणि बागेतल्या झोपाळ्यावर रांग असेल तेव्हा ती योग्यच. पण ठोकळ्यांचं गॅरेज अर्धं झालेलं असताना गजर वाजला, तर खेळ मोडतो आणि मुलाचा डोळा पुढच्या वेळी खेळाऐवजी घड्याळावर राहतो.

एक दुपार पाहू. ताई सतरंजीवर गॅरेज बांधते आहे आणि धाकटा तिची रुग्णवाहिका धरून ओढतो आहे. मोठ्या माणसाने जवळ जाऊन खाली बसावं आणि दोघांच्या हातांमध्ये आपला हात घालावा. दुरून ओरडण्याचा उपयोग नाही. धाकट्याला थोडक्यात सांगावं : "गाडी ताईकडे आहे. तुला हवी आहे ना? ताईचं झालं की तुझी पाळी." ताईला सांगावं : "तुझं झालं की तूच त्याला नेऊन दे." धाकटा रडेल. त्याला उचलून घ्यावं, "थांबणं अवघड आहे" असं म्हणावं आणि स्वयंपाकघरातले दोन डबे, एक झाकण, एक पळी त्याच्यापुढे मांडावी. रडणं थांबवण्यासाठी ताईकडे आशेने पाहायचं मात्र नाही. ती नजर तिला लगेच कळते. गाडी आपल्याकडून काढून घेतली जाणार नाही याची खात्री पटली, की ताई बरेचदा थोड्याच वेळात ती आणून देते. कधी आणत नाही, आणि तोवर धाकटा झाकण वाजवण्यात रमलेला असतो.

गाडी त्याच्याकडे गेल्यावर हाच नियम त्याच्या बाजूने चालवायचा. ताईला लगेच परत हवी झाली, तरी तिनेही थांबायचं. तिने अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला, तर मांडू द्यावा. मोडकी शिट्टी देऊन रुग्णवाहिका मिळवण्याइतपत व्यवहारज्ञान या वयात असतं, आणि धाकटा शिट्टीवर खूश असेल तर मध्ये पडायचं कारण नाही.

नियम बिघडतो तो दोन ठिकाणी. सुरुवातीचे काही दिवस धाकट्याचं रडणं वाढतं, कारण आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी होते. आजीला हे आधी सांगून ठेवलं नाही, तर ती तिसऱ्या मिनिटाला "अगं, लहान आहे तो" म्हणते आणि जास्त वेळ रडलं की काम होतं हा नवा धडा त्याला मिळतो. दुसरी अडचण ताईची. कधीकधी ती खेळत नाही, नुसती गाडी मांडीत धरून भावाकडे बघत बसते. पाळी लांबवण्यासाठीच लांबवली जात असल्याची ही खूण. अशा वेळी दिवसातलाच एखादा टप्पा सीमा म्हणून द्यावा : "जेवायला बसेपर्यंत तुझी, जेवण झाल्यावर त्याची." आणि तो शब्द पाळावा. ती शूला गेली म्हणून पाळी संपत नाही; खेळणं टाकून दुसऱ्या खेळाला लागली, की संपते. हे आधीच ठरवून ठेवावं.

भांडणं रोज एकाच वेळी होत असतील, समजा आई कामावरून घरी आल्यावर लगेच, तर त्यांचं मूळ बहुधा गाडीत नसतं. दोघांनाही आई हवी असते आणि गाडी निमित्त होते. तिथे पाळीचा नियम कितीही चोख पाळला तरी फरक पडत नाही. धाकटा आजीजवळ असताना आईने ताईला दहा मिनिटं एकटीला दिली, तर मात्र पडतो.