नफा दिसतो, मग रोकड कुठे अडकते?

समजा, हार्डवेअरच्या एका घाऊक पेढीला वर्षात १२ लाख रुपये नफा झाला, तरी पगाराच्या तारखेला ओढाताण ठरलेलीच. याचे उत्तर कॅश फ्लो स्टेटमेंटच्या पहिल्या भागात मिळते. घसारा आणि कर तूर्त बाजूला ठेवू. नफ्यातून आधी उधारीत वाढलेले १८ लाख वजा होतात, कारण बिल फाडले की विक्री धरली जाते, पैसे मात्र सवडीने येतात. गोदामात वाढलेल्या मालाचे ९ लाखही जातात. पुरवठादारांचे देणे ६ लाखांनी वाढले, तेवढे मिळवायचे. हाती उरतात उणे ९ लाख! कर्जाच्या भागात बँकेचे कॅश क्रेडिट तेवढेच वाढलेले दिसेल. म्हणजे ग्राहकांची उधारी पेढीच व्याज भरून पोसते आहे. अशा वेळी विक्री वाढवण्याआधी ९० दिवसांपुढच्या येण्याची यादी काढावी.